लिफ्ट डक्टचा फलक, पाचवा मजला: बदललेला मजकूर

जुना:
"सर्व संबंधितांस सूचित करण्यात येते की, सदर ठिकाणी लिफ्टचे काम प्रगतीपथावर असल्याने योग्य ती दक्षता घ्यावी."

यात पडण्याच्या धोक्याचा उल्लेख कुठेच नाही. शिवाय 'दक्षता' म्हणजे करायचं काय, तेही नाही.

नवा:
धोका! उघडा लिफ्ट डक्ट
१५ मीटर खाली पडाल
कठडा ओलांडू नका, काढू नका
कठड्याआत काम? आधी सुपरवायझरला बोलवा, हार्नेस अडकवा.

पिवळ्यावर काळी अक्षरं, पहिली ओळ सर्वांत मोठी, डावीकडे पडणाऱ्या माणसाचं चित्र (मजुरांपैकी अनेकांना मराठी वाचता येत नाही). खाली तोच मजकूर हिंदीत. फलक कठड्याच्या पाइपला तारेने बांधा, डोळ्यांच्या उंचीवर. टेकवून ठेवलेला फलक शटरिंगवाले हमखास सरकवतात.