पगार होतो 7 तारखेला, 20 ला खातं रिकामं: रविवारच्या फुकट वेबिनारला या

मंडळी, राम राम!

रविवारी 22 फेब्रुवारी 2026 ला सकाळी साडेदहा ते बारा, झूमवर एक वेबिनार ठेवलाय. फुकट आहे, एक रुपया नाही. विषय गुंतवणूक, पण अगदी अ-आ-इ-ई पासून. नोकरी लागून वर्ष-दोन वर्षं, फार तर चार-पाच वर्षं झालीत, हातात पंधरा ते पंचेचाळीस हजाराच्या मधे कुठंतरी पगार पडतो, आणि एसआयपी हा शब्द रोज ऐकायलाव पण नेमकं काय करायचं ते विचारायला लाज वाटते, असं ज्याचं असंल त्यानं यावं. वाळूज-शेंद्र्यात शिफ्ट करणारे, जालन्याला स्टील कंपनीत असलेले, लातूर-नांदेडला दवाखान्यात, शोरूमला, बँकेत लागलेले, आणि परभणी, बीड, हिंगोली, धाराशिवहून पुण्याला जाऊन चार जणांत एक रूम करून राहणारे, सगळे या.

आता हे ठेवायचं कारण सांगतो. आपल्याकडं पैसा कुठं टाकायचा हे कुणी शिकवत नाही, आपण तो ओळखीवर टाकतो. पॉलिसी कुणाची घेतली? मामाच्या मित्राची. भिशी कुणाकडं? लाईनवरच्या सिनिअरकडं. ठेव कुठं? गावातल्या पतसंस्थेत, कारण चेअरमन आपल्या पाहुण्यातला. शेअर कोणता घेतला? जो रूममेटनं सांगितला तो. माणूस ओळखीचा निघाला की कागद वाचायचाच नाही, अशी आपली रीत. वाचला तर समोरच्याला वाटतं भरोसा नाही का!

मी पण असाच. 2017 ला वाळूजमध्ये पहिली नोकरी, हातात 17,400. तिसऱ्या महिन्यात घरी एक लांबचे काका आले, आईनं चहा टाकला, चहा संपायच्या आत माझी सही झालती. वर्षाला 24,000 भरायचे, 20 वर्षं, शेवटी 8 लाख 80 हजार मिळणार. मी लगेच हिशोब केला, भरणार 4 लाख 80 हजार आणि मिळणार जवळपास डबल, म्हणलं भारीच की! तीन वर्षं भरले. मग लॉकडाऊनमध्ये ओव्हरटाईम बंद झाला, हप्ता झेपंना, बंद करायला गेलो तर 72,000 भरल्यावर हातात आले साडेएकवीस हजार. काउंटरवरच्या मॅडमनी कागद फिरवून माझ्याकडं केला आणि बोट ठेवून दाखवलं, इथं लिहिलेलं आहे सर. खरंच लिहिलेलं होतं. काकांचा राग आला, पण सही माझीच होती.

त्या दिवशी रात्री कंपनीच्या लॅपटॉपवर एक्सेल उघडून पहिल्यांदा हे टाकलं:

```
=RATE(20,-24000,0,880000,1)
```

उत्तर आलं साधारण साडेपाच टक्के. म्हणजे ज्याला मी डबल म्हणत होतो ते वर्षाला साडेपाच टक्क्यानं वाढणार होतं, ते पण 20 वर्षं एकही हप्ता न चुकवता भरले तर. त्यापेक्षा पोस्टातलं पीपीएफ बरं की, तिथं 7.1 टक्के मिळत होते. वेबिनारमध्ये पहिली वीस मिनिटं आपण हेच करणारोत. तुमच्या घरात जी पॉलिसी असंल तिचा कागद जवळ घेऊन बसा, हप्ता किती, वर्षं किती, शेवटी किती, एवढे तीन आकडे लागतात, मोबाईलवरच्या शीटमध्ये पण होतं. कुणाची पॉलिसी बंद करा असं मी सांगणार नाही, तो निर्णय तुमचा, पण आकडा तरी माहीत पाहिजे ना. विमा पाहिजेच, घरात आपल्यावर अवलंबून कुणी असंल तर टर्म इन्शुरन्स घ्या, ते स्वस्त पडतं, पण विमा वेगळा आणि गुंतवणूक वेगळी, दोन्हीची खिचडी केली की दोन्ही कच्चं राहतं.

सध्या सीझन पण तोच चाललाय. एचआरचे मेल यायलेत, इन्व्हेस्टमेंट प्रूफ द्या, आणि पोरं घाबरून मार्चच्या आत कायतरी पॉलिसी घ्यायलेत टॅक्स वाचवायला. अरे भावा, तुझा पगार 30,000, वर्षाचे झाले 3 लाख 60 हजार, तुला टॅक्स मुळातच शून्य लागतो, वाचवणार काय? 2025-26 ह्या आर्थिक वर्षापासून नव्या टॅक्स पद्धतीत नोकरदाराला 12 लाख 75 हजारापर्यंतच्या पगारावर टॅक्स लागत नाही, आणि त्या पद्धतीत 80सी ची सूट पण नाही, म्हणजे टॅक्ससाठी पॉलिसी हे कारणच उरत नाही बहुतेकांना. ह्यावर माझ्यासोबत एक ताई बोलणार आहेत, मूळ लातूरच्या, पुण्यात एका कंपनीत पेरोल बघतात, रोज शंभर जणांच्या सॅलरी स्लिपा त्यांच्या हाताखालून जातात. त्या म्हणतात, दहातल्या आठ जणांनी आपली स्लिप नीट उघडून बघितलेली नसते, निस्ता शेवटचा आकडा बघतात.

म्हणून स्लिप पण सोबत आणा. त्यात पीएफचा रकाना असतो, बेसिक आणि डीएच्या 12 टक्के तुमचे कापतात आणि तेवढेच कंपनी टाकते, फक्त कंपनीच्या वाट्यातला एक भाग पेन्शनला जातो. ही तुमची पहिली गुंतवणूक, तुम्ही न विचारता चालू झालेली. आणि आपण काय करतो? नोकरी बदलली की पीएफ काढतो आणि मोबाईल घेतो. मी बी घेतलता, सांगायला लाज कसली. सलग पाच वर्षं व्हायच्या आधी काढला तर त्यावर टॅक्स लागू शकतो, आणि जुन्या कंपनीचा पैसा नव्या खात्यात वळवता येतो, यूएएन एकच राहतो. ते मोबाईलवर कसं करायचं, नॉमिनी कसा टाकायचा, ताई स्क्रीनवर दाखवतील. नॉमिनीचं हसण्यावारी नेऊ नका, लग्न झाल्यावर तो बदलायचा राहून जातो.

भिशीवर पण बोलू. भिशीला मी नावं ठेवणार नाही, माझ्या बहिणीचं शिलाई मशीन भिशीतून आलंय. शिस्त लागते, एकरकमी पैसा हातात येतो. पण पैसा वाढत नाही, आणि सगळा खेळ ज्याच्याकडं वही आहे त्याच्या इमानदारीवर. पतसंस्थेचं मात्र जरा तपशिलात सांगणारय, कारण मराठवाड्यात ह्यात किती घरं पोळलीत ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, एका माणसाला एका बँकेत व्याज धरून 5 लाखापर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेच्या ठेवीला ते नसतं. दीड-दोन टक्के जास्तीच्या व्याजासाठी बापानं सोयाबीनचे पैसे तिथं ठेवायच्या आधी एवढा फरक त्याला माहीत असावा.

मग येतो म्युच्युअल फंड. इंडेक्स फंड म्हणजे काय, डायरेक्ट आणि रेग्युलर प्लॅनमधे फरक कशाचा, 500 रुपयात एसआयपी चालू होते का (होते), हे सगळं. एक गणित आत्ताच देतो, महिन्याला 2,000, दहा वर्षं, जर 12 टक्के मिळाले तर 2 लाख 40 हजाराचे साधारण 4 लाख 64 हजार होतात. आता त्यातल्या 'जर' वर बोट ठेवा. 2020 च्या जानेवारीत निफ्टी 12,300 च्या वर होता आणि 23 मार्चला 7,610 वर बंद झाला, दोन-सव्वादोन महिन्यात. ज्यानं बहिणीच्या लग्नाचा पैसा तिथं टाकलता त्याचं काय झालं असंल? म्हणून आधी तीन ते सहा महिन्याच्या खर्चाएवढा पैसा बाजूला, बँकेत, हात लावला की मिळंल असा. एसआयपी त्याच्यानंतर. हा क्रम लोकांना बोअर वाटतो, मला माहितीय.

ऑप्शन ट्रेडिंग शिकवणार का म्हणून ग्रुपवर आत्ताच तिघांनी विचारलं. नाही. सेबीनं 2021-22 ते 2023-24 ह्या तीन वर्षांचा अभ्यास केला त्यात फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या 93 टक्के सामान्य लोकांचा तोटा निघाला. तरी टेलिग्रामवर टिपा घ्यायच्याच असतील तर देणाऱ्याचा सेबी नोंदणी नंबर विचारा, सल्लागाराचा `INA` नं आणि रिसर्च अॅनालिस्टचा `INH` नं सुरू होतो, तो सेबीच्या साईटवर जाऊन स्वतः तपासा. ते कसं तपासायचं एवढं दाखवतो.

आमच्या दोघांबद्दल पण सांगून ठेवतो. आमच्याकडं असली कुठलीच नोंदणी नाही, आम्ही सल्लागार नाहीत, अमुक फंड घ्या तमुक शेअर घ्या असं तोंडातून निघणार नाही. शेवटी कोर्स विकणार नाही, डीमॅटची लिंक टाकणार नाही, फुकट म्हणून बोलवायचं आणि साडेअकराला 'आजच्या दिवस फक्त 4,999' असा बोर्ड लावायचा हा धंदा मी स्वतः दोनदा बघितलाय.

यायचं कसं: ह्या मेसेजला 'येतो' नाहीतर 'येते' एवढाच रिप्लाय द्या, सोबत गावाचं नाव टाका. शनिवारी रात्री 9 ला लिंक पाठवतो. जागा 100, झूमचं तेवढंच लिमिट. व्हिडिओ बंद ठेवला तरी चालतं, डेटा कमी जातो, गावाकडं रेंज नसंल तर गच्चीवर जा. शेवटची 25 मिनिटं नुसते प्रश्न, नाव सांगायची लाज वाटत असंल तर मला पर्सनलवर टाका, नाव न घेता वाचतो. रविवारी ज्यांची फर्स्ट शिफ्ट आहे त्यांनी पण 'येतो' टाकून ठेवा, रेकॉर्डिंग आठ दिवस ठेवणारय.

घरच्यांना पण बसवा शेजारी, वडील 'प्लॉट घे, बायपासला' म्हणत असतील तर जास्तच बसवा. मागच्या महिन्यात आमच्या अण्णांनी वेबिनारच्या चाचणीला बसून पहिला प्रश्न विचारला होता, 'हे सगळं ठीकय, पण सातबारा कुठं असतो ह्या फंडाचा?' त्याचं उत्तर पण रविवारी, स्टेटमेंट उघडून.