एक सौ सात

रामबागेत कचऱ्याची गाडी सकाळी साडेसातला येते. बेटम्याकडे जाणारी बसही गंगवाल बसस्टँडवरून त्याच सुमारास सुटते, म्हणून मेधा दिघे आदल्या रात्रीच गल्लीत एक फेरी मारते. मुजुमदार काकूंकडून बाटल्यांची झाकणं, वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाकडून मिठाईचे खोके, कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून वॉल ट्यूबचे तुकडे. ज्या इंदूर शहराला २०१७ पासून स्वच्छतेचा पहिला नंबर सोडवत नाही, तिथे कचरा मिळवणं सोपं नाही. ओला एका डब्यात, सुका दुसऱ्या डब्यात, आणि गाडीचा आवाज आला की अख्खी गल्ली दोन्ही डबे घेऊन दारात.

"दिघ्यांची सून घरोघर कचरा मागते," असं कोणीतरी भिशीत म्हणालं. सासूबाईंनी ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं.

"काय करून राहिलीस ग हे? सरकार तुला खडू पण देत नाही?"

"खडू देतं, आई."

"मग?"

मेधाने ट्यूबचे तुकडे पर्समध्ये टाकले. "उद्या उशीर होईल, संकुलात मीटिंग आहे," म्हणाली. सासूबाईंना ते उत्तर वाटलं नाही, आणि ते उत्तर नव्हतंही.

शाळा फाट्यापासून दोन किलोमीटर आत. दोन खोल्या, एक व्हरांडा, पाच वर्ग, दोन शिक्षक. मोठे पटेल सर मूळचे होशंगाबादकडचे. १९७२ मध्ये तिथे सुरू झालेल्या विज्ञान कार्यक्रमात ते स्वतः विद्यार्थी म्हणून शिकले होते. पाठांतर नाही, आधी प्रयोग करा, दिसेल ते लिहा, मग वाद घाला, अशी ती शाळा. २००२ मध्ये तो कार्यक्रम बंद झाला, पण पटेल सरांच्या बोटांत तो राहिला. आगकाडीची दोन टोकं वॉल ट्यूबच्या तुकड्यांत खोचून त्रिकोण, चौकोन करायला मेधाला त्यांनीच शिकवलं. चौकोन बोट लावताच कलंडतो, त्रिकोण काही केल्या हलत नाही. पोरांनी तो दाबून पाहिला, चावून पाहिला, आणि मग एकाने मान वर करून व्हरांड्याच्या पत्र्याखालची लोखंडी कैची दाखवली. "सरजी, वठे भी तिकोन हे!" त्या दिवशी भूमितीचा तास छताकडे बघतच गेला.

मेधाचं स्वतःचं काम मात्र गणिताशी. कुठल्याशा नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स तिने पंचायतीच्या मागून उचलून आणला होता. पाठच्या पांढऱ्या बाजूवर शून्य ते शंभर आखले, जमिनीवर पसरला, पोरं त्यावर उड्या मारत बेरजा-वजाबाक्या करतात. वारा आला की फ्लेक्स उलटतो आणि नेता हात जोडून वर येतो. पोरांना त्याचं काही वाटत नाही, ती त्याच्याही डोक्यावर उड्या मारतात.

अडलं ते तिसरीत. पायलपाशी.

मेधाने आकडे सांगितले होते. एक सौ सात. पायलने लिहिलं: १००७. एक सौ तीस: १००३०. मेधाने खोडून शेजारी बरोबर लिहिलं. पायलने मान डोलावली आणि पुढचा आकडा, दो सौ चार, लिहिला: २००४.

इथे दुसऱ्या कुणी दहा वेळा लिहून आण म्हटलं असतं. मेधाने खराट्याच्या काड्या काढल्या. दहा-दहाच्या जुड्या, दहा जुड्यांचा एक मोठा गठ्ठा, रबर लावलेला. "एक सौ सात दिखाओ." पायलने क्षणभरही न थांबता एक गठ्ठा आणि सात सुट्या काड्या पुढे ठेवल्या. तिचे वडील कांद्याची वाहतूक करतात, गोण्या मोजायला तीच उभी असते. शंभराचा अंदाज तिला पुस्तकापेक्षा आधी आलेला. आता लिही म्हटल्यावर मात्र पुन्हा १००७.

"ऐसा क्यों लिखा?"

पायल वैतागली. मॅडमना एवढंही कळू नये! "पहले सौ लिखा," तिने १०० वर बोट ठेवलं, "फिर सात."

म्हणजे संख्या तिला येत होती. ती जसं कानावर पडतं तसं लिहीत होती, आणि तिच्या बाजूने पाहिलं तर त्यात चूक काय? सौ, मग सात. तो सात शंभराच्या मागे नाही, शंभराच्या पोटात, शेवटच्या शून्याच्या जागी बसतो हे काड्यांत दिसत नाही. काड्यांत शून्यच नसतं.

बसमध्ये खिडकीला डोकं टेकून मेधाने ते डोक्यात मांडून पाहिलं. शंभराचं लांब कार्ड. सातचं आखूड. आखूड कार्ड लांबाच्या उजव्या टोकावर ठेवलं की शून्य झाकलं जातं आणि १०७ दिसतं. उचललं की खाली शून्य शाबूत. कल्पना तिची नव्हे, जगभरच्या शाळांत अशी कार्डं असतात, प्लॅस्टिकची, डबीत घालून विकतात. तिला प्रत्येक पोराच्या हातात एक संच हवा होता, कारण फळ्यावर एकाने दाखवायचं आणि बाकीच्यांनी बघायचं तर मग फळाच पुरे. जाड कागद हवा. आणि सगळा एकाच मापाचा, नाहीतर शून्य अर्धवट झाकलं जाईल आणि सगळाच घोळ.

मिठाईच्या खोक्यांवर तेलाचे डाग. शेवेच्या पाकिटांच्या पेट्या जाड, कात्री चालेना. शेवटी तिने घरातल्या जुन्या कपाटातला खण उघडला.

"तो नको," सासूबाई मागून म्हणाल्या.

खणात लग्नपत्रिका. लोकांच्या नव्हेत, मेधाच्याच. मामंजींनी हौसेने पाचशे छापून घेतल्या होत्या, शंभरच्या वर उरल्या. त्यांच्यावर गणपती, म्हणून टाकता येईनात, आणि दोघांची नावं, म्हणून रद्दीवाल्याला देता येईनात. प्रत्येकीत सात इंच बाय पाच इंचांची दोन पानं, जाड आयव्हरी कागद, प्रत्येक पानाची एक बाजू कोरी.

"देवाचं चित्र आहे त्याच्यावर. आणि तुमची नावं. पोरं पायाखाली तुडवतील."

मेधाने पट्टी घेऊन मोजलं. वरची एक इंचाची पट्टी, जिच्यात गणपती आणि ॥ श्री ॥, ती वेगळी काढली तर खाली दोन-दोन इंचांच्या दोन पट्ट्या उरतात. एका पट्टीत शंभराचं एक कार्ड, सहा इंची. नाहीतर चार इंचांचं दहाचं आणि दोन इंचांचं एककाचं. नऊ शंभर, नऊ दहा, नऊ एकक. अठरा पट्ट्या, नऊ पानं. पाच पत्रिकांत एक संच.

सासूबाई हिशेब ऐकत होत्या. त्यांनी शिवणाच्या डब्यातली मोठी कात्री आणली आणि मेधाच्या हातात दिली नाही. स्वतः बसल्या. गणपतीची पट्टी पहिल्यांदा, एका फटक्यात, सरळ. चाळीस वर्षं ब्लाउज बेतलेला हात. गणपती बिस्किटांच्या डब्यात जमा झाले. "महेश्वरला जाऊ तेव्हा नर्मदेत सोडू," म्हणाल्या. मग चष्मा वर करून, "तुझं नाव मधूनच कापलं गेलं बघ. 'चि. सौ. कां. मे' एवढंच राहिलं."

तिसरीतली अकरा पोरं, अकरा संच. पहिले दोन दिवस पोरांनी आकडे केलेच नाहीत, पत्रिका जोडली. कार्डं उलटी करून, तुकडे जुळवून, कुणाचं लग्न, कधी होतं, कुठल्या धर्मशाळेत, सगळा शोध लावला. "मैडमजी, आपका ब्याह में कई खिलायो थो?" मेधाने श्रीखंड म्हणून सांगितलं. ते काय असतं हे समजावण्यात गणिताचा अर्धा तास गेला.

पायलने तिसऱ्या दिवशी १०० वर ७ ठेवला. उचलला. ठेवला. मग ३० ठेवलं आणि त्यावर ७. सगळं उचलून खालची दोन शून्यं पाहिली. त्यानंतर वहीत लिहिलं: १०७, १३०, १३७. मेधाने शाबासकी दिली, पण पायलचं लक्ष नव्हतं, ती २०४ करण्यात गुंतली होती.

जन शिक्षक पाहणीला आले तेव्हा कार्डं हाताळून मऊ झालेली, दोन-तीन चिंचेच्या बोटांनी माखलेली. विकासखंडाचा टी.एल.एम. मेळा, म्हणजे शिक्षकांनी केलेल्या शैक्षणिक साधनांचं प्रदर्शन, जवळ आला होता. "अच्छा है मैडम, पर इसको लेमिनेट कराके थर्माकोल पे चिपका दो. बॉर्डर में चमकी. दूर से दिखना चाहिए."

"चिपका देंगे तो उठेगा कैसे, सर?"

जन शिक्षक वाईट माणूस नव्हता. त्याने खरोखर विचार केला आणि म्हणाला, "दो सेट बना लो."

मेळ्यात मेधाने एकच संच ठेवला, बुटाच्या खोक्यात. डावीकडे मोटरवर फिरणारी सूर्यमाला, उजवीकडे धूर सोडणारा ज्वालामुखी. नोंदणीच्या टेबलावर फॉर्ममध्ये 'लागत' असा रकाना. मेधाने शून्य लिहिलं.

"शून्य मत लिखो मैडम," टेबलामागचा मुलगा म्हणाला. "कंप्यूटर शून्य नहीं लेता. खाली समझता है."

पटेल सर मागेच उभे होते. त्यांनी पेन घेऊन शून्याच्या आधी १ काढला. "दस रुपये. रबरबैंड के," म्हणाले.

परीक्षक ज्वालामुखीपाशी बराच वेळ रेंगाळले. मेधाच्या खोक्यातलं शंभराचं कार्ड एकाने उचललं, उलटं केलं, 'आपले आशीर्वाद हाच आहेर' हे मराठीत अडखळत वाचलं आणि हसत पुढे गेला. बक्षीस सूर्यमालेला मिळालं. सहभागाचं प्रमाणपत्र सगळ्यांना. जेवणाच्या रांगेत मानपूरकडची एक शिक्षिका मात्र मेधाला चिकटून उभी राहिली. तिच्याकडेही तिसरीत १००७ लिहिणारे चार जण होते. पुरीचं ताट सांभाळत तिने पट्ट्यांची मापं हातावर लिहून घेतली.

सोमवारी मेधा वर्गात शिरली तेव्हा पायल दारातच उभी. हातात एक लांबलचक कार्ड. शंभराच्या पट्टीला आणखी एक तुकडा भाताने चिकटवलेला, सांधा वाकडा, वर शाईने १०००.

"म्हने बणायो."

तिने ते जमिनीवर ठेवलं आणि शेवटच्या शून्यावर ७ बसवला. १००७. मग शेजारी १०७. दोन्हीकडे आळीपाळीने पाहिलं.

"मैडमजी, यो तो हजार सात हे," ती म्हणाली. "म्हने उस दिन हजार सात लिख्यो थो. आपने बतायो क्यों नी?"

मेधाला उत्तर सुचायच्या आत मागून दोघं ओरडले, आम्हालाही हजार पाहिजे. हजाराला आठ इंच लागतात आणि पत्रिका सात इंचांची. मधल्या सुट्टीत मेधाने घरी फोन लावला.

"आई, आठ इंचांचं काही आहे का घरात?"

सासूबाई थोडा वेळ गप्प. पलीकडे खण ओढल्याचा आवाज.

"घरात नाही," त्या म्हणाल्या. "पण मुजुमदारांच्या धाकटीचं ठरलंय. पत्रिकेचा नमुना संध्याकाळी दाखवायला आणणार आहेत. लांब छापा म्हणून सांगते. आणि मागची बाजू कोरी ठेवा म्हणावं."