अज्ञात सेंद्रिय घनपदार्थातले नायट्रोजन, गंधक आणि हॅलोजन: सोडियम अर्काचं प्रात्यक्षिक
(द्वितीय वर्ष रसायनशास्त्र, पावसाळी सत्र, रत्नागिरी)

प्रत्येकाला एक पुडी मिळेल. तिच्यावर फक्त क्रमांक असेल. आतल्या पांढऱ्या किंवा पिवळसर पदार्थात कार्बन आणि हायड्रोजन आहेत, हे धरून चालायचं. नायट्रोजन, गंधक, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन यांपैकी काय काय आहे, ते तुम्ही शोधायचं.

पुडीतला पदार्थ थेट पाण्यात घालून सिल्व्हर नायट्रेट टाकलं तर बहुतेक वेळा काहीच होत नाही, कारण ही मूलद्रव्यं कार्बनला सहसंयुज बंधाने जखडलेली असतात आणि त्यांचे आयन पाण्यात सुटत नाहीत. वितळलेलं सोडियम हे बंध तोडतं. नायट्रोजन कार्बनसह NaCN होतो, गंधक Na2S होतो, हॅलोजनचे NaCl, NaBr, NaI होतात. हे सगळं पाण्यात विरघळतं आणि पुढच्या चाचण्या साध्या अकार्बनी चाचण्या उरतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लासेन यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते.

आधी कोरी चाचणी

हे कलम मी मुद्दाम सगळ्यात वर ठेवलं आहे. आपली प्रयोगशाळा समुद्रापासून फार लांब नाही. खिडकी उघडी राहिली की खारा वारा काचसामानावर बसतो. नळाला येणारं पाणी क्लोरीन घातलेलं असतं, आणि खाडीजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ. जुलैत घामेजलेल्या बोटांनाही मीठ असतंच. सिल्व्हर नायट्रेटला हे सगळं दिसतं.

मी तुमच्या वयाचा असताना पुडीत नॅफ्थलीन होतं आणि मी जर्नलमध्ये 'क्लोरीन आहे' असं लिहिलं. चिनीमातीची वाटी मी नळाखाली विसळून तशीच वापरली होती. अवक्षेप म्हणून जे दाखवलं, ती नुसती दुधी झाक होती, पण ती माझ्या डोळ्यांना खरी वाटली. त्या दिवसापासून मी कोरी चाचणी चुकवलेली नाही.

म्हणून तीच वाटी, तेच ऊर्ध्वपातित पाणी, तेच सोडियम घेऊन, पदार्थ न घालता, पूर्ण कृती एकदा करा. सोडियम रॉकेलमध्ये ठेवलेलं असतं आणि रॉकेलमध्ये गंधकाचा अंश असू शकतो, त्यामुळे गंधकाची कोरी चाचणीही इथेच होते. पुढचं प्रत्येक निरीक्षण या कोऱ्या नळीशेजारी धरूनच लिहा.

अर्क काढणं

चष्मा डोळ्यांवर, केस बांधलेले, टेबल कोरडं. या हवेत सोडियमवर पांढरी पापडी चटकन धरते. चिमट्याने तुकडा गाळणकागदावर घ्या, रॉकेल टिपून घ्या, सुरीने कड काढून आतला चकचकीत भाग मसुराच्या दाण्याएवढा कापा. बोट लावू नका. उरलेले कपटे माझ्याकडे द्या, बेसिनमध्ये एकही जाता कामा नये.

फ्युजन ट्यूब आधी ज्योतीवर फिरवून कोरडी करा आणि गार होऊ द्या. सोडियम टाका, मंद आचेवर वितळून चकाकणारा गोळा झाला की ट्यूब ज्योतीतून बाहेर घ्या. मग चिमूटभर पदार्थ थेट सोडियमवर पडेल असा टाका. ट्यूबचं तोंड कोणाकडेही नको. आधी हळूहळू तापवा, भडका शांत झाला की तळ लालबुंद होईपर्यंत दोन-तीन मिनिटं ठेवा. लाल ट्यूब वाटीतल्या 10 मिलि ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवा आणि लगेच जाळीने झाका. काच फुटते आणि उरलेलं सोडियम पाण्याशी भिडतं. एका ट्यूबने अर्क पातळ निघतो, म्हणून आणखी दोन त्याच वाटीत. काच चुरून पाच मिनिटं उकळा, गाळा.

अर्क पाण्यासारखा नितळ आणि क्षारधर्मी हवा. तपकिरी आला तर पदार्थ पुरता जळलेला नाही. तो वापरत बसू नका, पुन्हा करा.

नायट्रो संयुगं, क्लोरोफॉर्म आणि कार्बन टेट्राक्लोराइड सोडियमबरोबर तापवल्यास स्फोट होऊ शकतो. तुमच्या पुड्यांत यांपैकी काही नाही, पण पुढे कुठे अनोळखी बाटली हाती आली तर हे लक्षात ठेवा.

नायट्रोजन

1 मिलि अर्कात फेरस सल्फेटचा चिमूटभर हिरवा स्फटिक टाका. पावसाळ्यात बाटलीतले वरचे स्फटिक तांबूस होतात, ते बाजूला सारून आतले घ्या. मळकट हिरवा अवक्षेप येईल. मिनिटभर उकळा. त्या वेळी काही Fe²⁺ चं Fe³⁺ होतं, आणि तेच हवं असतं. गार करून सौम्य सल्फ्युरिक आम्ल थेंब थेंब घाला, अवक्षेप विरघळेपर्यंत. निळा रंग म्हणजे Fe4[Fe(CN)6]3, प्रशियन निळा. रंग नुसता हिरवट दिसला तर गाळा, थोडाही सायनाइड असेल तर कागदावर निळे ठिपके राहतात. हायड्रोक्लोरिक आम्ल इथे टाळा, फेरिक क्लोराइडचा पिवळेपणा निळ्यात मिसळून हिरवा दिसतो.

आम्ल घातल्यावर HCN निघतो. सगळं धूर-कपाटात, पंखा चालू करून. पूर्ण अर्काला कधीही आम्ल घालू नका, आणि उरलेला अर्क आम्लाच्या कचऱ्यात ओतू नका.

गंधक

एका नळीत 1 मिलि अर्क आणि ताज्या सोडियम नायट्रोप्रुसाइडचे दोन थेंब घाला. जांभळा रंग लगेच उठतो आणि थोड्या वेळाने फिका पडतो, म्हणून घालतानाच बघत राहा. दुसऱ्या नळीत अर्क ॲसिटिक आम्लाने आम्लधर्मी करून लेड ॲसिटेट घाला, काळा PbS बसला पाहिजे.

नायट्रोजन आणि गंधक दोन्ही असतील आणि सोडियम कमी पडलं असेल तर NaSCN तयार होतं. मग आम्लधर्मी अर्क फेरिक क्लोराइडने रक्तासारखा लाल होतो आणि प्रशियन निळा येतच नाही. असं झालं तर 'नायट्रोजन नाही' लिहू नका, जास्त सोडियम घेऊन पुन्हा करा. सोडियम भरपूर असलं की NaSCN तुटून NaCN आणि Na2S वेगवेगळे मिळतात.

हॅलोजन

2 मिलि अर्कात 1 मिलि तीव्र नायट्रिक आम्ल घालून धूर-कपाटात निम्मं होईपर्यंत उकळा. सायनाइड आणि सल्फाइड उडून गेले नाहीत तर तेही सिल्व्हरबरोबर पांढरा किंवा काळा अवक्षेप देतात. गार करून सिल्व्हर नायट्रेट घाला. पांढरा, अमोनियात सहज विरघळणारा अवक्षेप म्हणजे क्लोरीन. फिकट पिवळा, जेमतेम विरघळणारा म्हणजे ब्रोमीन. पिवळा आणि न विरघळणारा म्हणजे आयोडीन. दोन पिवळ्यांत घोटाळा होतोच. तो मिटवायला आम्लधर्मी अर्कात क्लोरोफॉर्म घालून क्लोरीन पाण्याचे थेंब टाका आणि हलवा. खालचा थर नारिंगी-तपकिरी झाला तर ब्रोमीन, जांभळा झाला तर आयोडीन. फ्लोरीन इथे सापडत नाही, AgF पाण्यात विरघळतो.

तांब्याच्या तारेची हिरवी ज्योत फक्त सूचना समजा. युरिया आणि थायोयुरिया यांत हॅलोजन नसूनही ती दिसते.

क्रमांक 4 चा नमुना, गेल्या शुक्रवारी सगळ्यांसमोर केलेला

पांढरे स्फटिक. अर्क नितळ. फेरस सल्फेटनंतर गडद निळा रंग. नायट्रोप्रुसाइडने काही नाही, लेड ॲसिटेटनेही नाही. सिल्व्हर नायट्रेटने दह्यासारखा पांढरा अवक्षेप, अमोनियात पूर्ण विरघळला, नायट्रिक आम्लाने परत आला. कोऱ्या नळीत फक्त किंचित झाक, मागची छापील अक्षरं तिच्यातून स्पष्ट वाचता येत होती. नमुन्याच्या नळीतून नाही. निष्कर्ष: नायट्रोजन आणि क्लोरीन आहेत, गंधक, ब्रोमीन आणि आयोडीन आढळले नाहीत.

जर्नलमध्ये कोऱ्या नळीचं निरीक्षण याच शेजारी, स्वतंत्र रकान्यात लिहा. तो रकाना रिकामा असेल तर मी हॅलोजनचा निष्कर्ष तपासणार नाही.