यंदाच्या सहलीची सूत्रं दुसऱ्या कुणीतरी घ्या

मंडळी,

परवापासून ग्रुपवर सहलीचं वारं सुरू झालंय. "अनघा, तारखा टाक ना", "अनघा, यंदा कुठे नेतेयस?" असे सात-आठ मेसेज आले आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. कुणावर रागावलेली नाही. जे सांगायचंय ते घाईत सांगून चुकीचं पोहोचू नये, म्हणून आज सवडीने लिहितेय. जरा लांबेल, पण पूर्ण वाचा.

यंदाच्या सहलीचं नियोजन मी करणार नाही. तिथे गेल्यावर सगळ्यांना घेऊन फिरण्याची जबाबदारीही घेणार नाही. सहलीला मात्र नक्की येणार आहे, तुमच्यासारखीच, बॅग भरून वेळेवर हजर राहणारी एक जण म्हणून.

सलग सहा सहली मी आखल्या. पहिल्या दोन अगदी हौसेने, आणि ती हौस खोटी नव्हती. पण मागच्या वेळी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही सगळे नदीकाठी बसला होतात, आठवतंय? मंदार कितीतरी वर्षांनी गायला. त्या वेळी मी वर व्हरांड्यात उभी राहून दुसऱ्या दिवशीच्या गाडीसाठी फोनवर फोन करत होते, कारण ठरलेल्या गाडीवाल्याने ऐनवेळी नाही म्हटलं होतं. गाडी मिळाली, मी खाली आले, तेव्हा तुम्ही चटया गुंडाळत होतात. त्या संध्याकाळचे फोटो मी नंतर ग्रुपवर बघितले. घरी आल्यावर लक्षात आलं की सहाही सहलींमध्ये माझ्या अशा बऱ्याच संध्याकाळी व्हरांड्यातच गेल्या आहेत. मला याचं वाईट वाटतं, आणि ते तुमच्यापासून लपवायचं नाही.

बाहेरून हे काम "बुकिंग" या एका शब्दात बसतं. आपण चौदा जण. तारखांचा पोल टाकला की नऊ जण मत देतात, उरलेल्या पाच जणांना एकेक फोन करावा लागतो. खोल्यांची आगाऊ रक्कम माझ्या खात्यातून जाते. मग दोघांचं येणं रद्द होतं, माणशी खर्च बदलतो आणि आधी सांगितलेला आकडा सगळ्यांना पुन्हा नव्याने सांगावा लागतो. त्यातही सगळ्यात जड जातं ते पैसे मागणं. इतक्या जवळच्या माणसांना तिसऱ्यांदा आठवण करताना मेसेज लिहायचा, खोडायचा, परत लिहायचा, असं मी कितीदा केलंय. आणि एवढं करून पाऊस आला, पाणी गरम नसलं, की सगळ्यांची नजर माझ्याकडे वळते. कुणी वाईट बोलत नाही, हे मान्य. पण ती नजर कळते.

यात माझीही चूक आहे. चौथ्या सहलीला समीरने राहण्याची जागा शोधली होती. मी त्याला न सांगता तिथे फोन करून सगळं पुन्हा विचारून घेतलं आणि शेवटी माझ्या पसंतीची जागा घेतली. समीर, तेव्हा तू काही बोलला नाहीस, पण त्यानंतर तू कधी पुढे आला नाहीस, आणि तुझ्या जागी मीही आले नसते. सॉरी. यंदा कुणी काम घेतलं तर मी त्यात हात घालणार नाही. विचारलं तरच बोलेन.

आणखी एक गोष्ट मला खरंच काळजीची वाटते. मागच्या वेळी परतीच्या सकाळी माझा फोन बंद पडला. गाडीवाल्याचा नंबर फक्त माझ्याकडे, तिकिटं माझ्याकडे, खोल्यांच्या पैशांची पावती माझ्याकडे. तो फोन सुरू होईपर्यंत आपण सगळे बॅगा घेऊन रस्त्यावर उभे होतो. तेव्हा निभावलं. पण त्या जागी मी आजारी पडले असते तर? आपल्यात लहान मुलं आहेत, दोघांचे आई-बाबाही येतात. सगळं एकाच माणसाच्या डोक्यात आणि फोनमध्ये असणं बरं नाही.

म्हणून मला सुचलंय ते असं. एकाने माझी जागा घ्यावी असं मी म्हणत नाही, नाहीतर दोन वर्षांनी तोही असाच मेसेज लिहील. कामं तोडून वाटून घेऊ. तारखा आणि ठिकाण दोघांनी मिळून ठरवा. राहण्याचं एकाने बघा, जाण्यायेण्याचं दुसऱ्याने. पैसे गोळा करणं आणि हिशेब हे काम पूर्ण वेगळं ठेवा, आणि बुकिंग करणाऱ्याकडे ते मुळीच देऊ नका. खोल्या ठरवायच्या आधीच प्रत्येकाकडून ठराविक रक्कम जमा करा, म्हणजे कुणाच्या खिशातून जाणार नाही. पैसे भरले तरच नाव पक्कं. हे मी कधी करू शकले नाही, तुम्ही सुरुवातीपासूनच करा. आणि तिथे पोहोचल्यावर रोज एक जण त्या दिवसाचा प्रमुख. किती वाजता निघायचं, कुठे थांबायचं, हे त्या दिवशी त्याने ठरवायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. तिकिटं आणि सगळे नंबर ग्रुपवर पिन करून ठेवा.

एक विनंती कळकळीची. ज्याने काम घेतलंय त्याला निर्णय घेऊ द्या. ठरायच्या आधी हवं ते बोला, पण तेव्हा गप्प राहिलात तर नंतर नावं ठेवू नका. जागा थोडी लहान निघाली, गाडी अर्धा तास उशिरा आली, तरी चालेल. माझ्याकडूनही हे सगळं झालेलंच आहे.

सहा वर्षांच्या याद्या, खर्चाचा तक्ता, काय चुकलं त्याच्या नोंदी, सगळं मी आज रात्री ग्रुपवर टाकते. ज्याला काही समजून घ्यायचंय त्याच्याशी तासभर निवांत बोलेन. आणि एका दिवसाची प्रमुख मी नक्की होईन, माझ्या वाट्याला येईल तो दिवस द्या.

"यंदा तेवढं कर, पुढच्या वर्षी आम्ही बघू" असं कृपया कुणी म्हणू नका. मागच्या दोन्ही वर्षी हेच ठरलं होतं आणि दोन्ही वेळा मी हो म्हटलं. या वेळी माझं उत्तर नाहीच असेल, आणि तुमच्यापैकी प्रत्येकाला ते वेगळं वेगळं द्यायला मला जड जाईल. कुणीच काम घेतलं नाही तर यंदा सहल होणार नाही. मला वाईट वाटेल, पण शेवटच्या आठवड्यात मी धावून येणार नाही.

वृषाली, तू मागे म्हणाली होतीस की हिशेब मला जमेल. अजून तयार असशील तर सांग. बाकीच्यांनी रविवारपर्यंत आपापलं काम ग्रुपवर लिहा, नुसता अंगठा नको, कामाचं नाव लिहा. रविवारी रात्री नऊला सगळे कॉलवर भेटू. कॉल सुरू करण्याचं काम मंदारकडे देतेय. मंदार, लिंक तू टाकशील ना?

अनघा