बंड्यासाठी घरच्यांची प्रार्थना

हे दत्तात्रेया, तुझ्या पायांशी बसलेली चार कुत्री आम्ही लहानपणापासून तसबिरीत पाहत आलो आहोत, म्हणून आमच्या बंड्याविषयी जे सांगायचे ते तुलाच सांगतो. काल सायंकाळी आजोळच्या परसात, प्राजक्ताच्या मुळाशी, त्याच्या नेहमीच्या चादरीत गुंडाळून आम्ही त्याला मातीत ठेवले. त्याचा जीव तुझ्या स्वाधीन करण्यासाठी आज सर्वजण देवघरापुढे बसलो आहोत.

बंद दुकानाच्या पायरीवर पावसात कुडकुडणारे हे गावठी पिल्लू आईने पदराखाली घेऊन आणले, बाबांनी 'फक्त आजची रात्र' म्हणून ठेवून घेतले आणि ती रात्र बारा-तेरा वर्षे पुरली. आजी जपाला बसली की तो तिच्या पाटाला पाठ टेकून बसे. चिऊ तापाने फणफणली तेव्हा तो तिच्या खाटेखालून हलला नाही. तो आज्ञाधारक होता, असे मात्र तुझ्यापुढे खोटे कसे सांगावे? पाहुण्यांच्या चपला तो पळवीत असे आणि नैवेद्य दाखवण्याआधीच त्याचा पुरणपोळीवर डोळा असे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले होते. तेवढ्याच मायेने तूही त्याचे हे अपराध पोटात घाल.

देवा, शेवटी त्याची मूत्रपिंडे निकामी झाली आणि घोटभर पाणीही त्याच्या पोटात ठरेना, तेव्हा डॉक्टरांशी बोलून त्याला शेवटचे इंजेक्शन देण्याचे आम्हीच ठरवले. त्याचे डोके आईच्या मांडीवर होते आणि आजोबा त्याच्या कानामागे खाजवत होते, कारण तिथे खाजवलेले त्याला फार आवडत असे. मुक्या जीवाला विचारण्याची सोय नव्हती. त्याचे हाल थांबावेत एवढ्यासाठीच आम्ही हो म्हटले, हे तू जाणतोस. तरीही रात्री 'आणखी दोन दिवस थांबायला हवे होते का' हा प्रश्न ज्याच्या त्याच्या मनात येतो आणि कोणी तो दुसऱ्याला विचारीत नाही. आज तो आम्ही तुझ्या पायांशी ठेवतो. याचे ओझे कोणा एकाच्या माथी राहू देऊ नकोस.

त्याला तुझ्या चार श्वानांच्या शेजारी जागा दे. फटाक्यांना तो फार भितो, तेव्हा तसा काही आवाज झाला तर त्याला जवळ घे. 'बंड्याला तिथे एकटे वाटेल का', असे चिऊ विचारते. तिच्या मनाला धीर दे. आजोबा अजूनही पहाटे उठून खुंटीवरच्या साखळीकडे हात नेतात. त्यांचे फिरणे सुटू नये, म्हणून आमच्यापैकी कोणीतरी रोज त्यांच्याबरोबर जाईल, एवढी बुद्धी आम्हांला दे. त्याच्या वाटणीची भाकरी यापुढे कोपऱ्यावरच्या कुत्र्यांना घालू, ती तू गोड मानून घे.

श्री गुरुदेव दत्त.