पाहुणा

फडफड ऐकून सुजाता जागी झाली तेव्हा तिला वाटलं, ओवीच्या वहीची पानं पंख्याच्या वाऱ्याने उलटतायत. मग काहीतरी काळं तिच्या तोंडासमोरून, मच्छरदाणीला जवळजवळ घासून गेलं.

"अहो, उठा! खोलीत काहीतरी आहे!"

विनायक खाली चटईवर झोपला होता. कोजागिरी नुकतीच झालेली, आचऱ्यात उकाडा असा की मच्छरदाणीत त्याचा जीव घुसमटायचा. धडपडत उठून त्याने ट्यूब लावली. छताखाली मूठभर वटवाघूळ गोल गोल फिरत होतं. उघड्या खिडकीतून दिव्यावरच्या किड्यांमागे आलं असणार, संध्याकाळपासून पाखरांचा सडा पडत होताच.

ओवी उठून बसली. "बाबा, पक्षी!"

"पक्षी नाय तां." विनायकने हाताला लागली ती मच्छर मारायची रॅकेट उचलली.

तेवढ्यात आये दारात उभी राहिली. "फॅन बंद कर आधी! पातीत गावला तर मरतलां. आणि ती रॅकेट ठेव खाली, मोठो शिकारी!"

सुजाताने बटण दाबलं. सासूबाई आता अपशकुनाचं काहीतरी काढणार, म्हणून ती कान टवकारून होती. आये मात्र ओवीच्या मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचल्यात का, ते हात फिरवून बघत होती. कुठे फट नव्हती, भोक नव्हतं. "पोराक शिवूक नाय," ती म्हणाली आणि ओवीला दुसऱ्या बाजूने बाहेर काढून कडेवर घेतलं.

वटवाघूळ दमलं असावं. खुंटीवर विनायकचा शर्ट लटकत होता, त्याच्या कॉलरला ते जाऊन चिकटलं. जवळून बघितल्यावर सुजाताची भीती थोडी ओसरली. एवढासा जीव, अंग धापा टाकल्यासारखं हलत होतं, आणि कान तर अंगाच्या मानाने भलतेच मोठे.

"हात नको लावू रे," आये म्हणाली.

विनायकने ऐकलं नाही. शर्टासकट उचलून खिडकीबाहेर झटकायचा त्याचा बेत होता. शर्टाला हात लागताच चिर्रर्र आवाज झाला, त्याने हात मागे ओढला आणि वटवाघूळ पुन्हा छताकडे.

"भायर चला सगळी!"

आयेने खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली, ट्यूब मालवली, पडवीतला दिवाही बंद केला. दार ओढून घेतल्यावर खालच्या फटीत तिने गोधडी कोंबली. "वाट गावली की जातलां आपसूक. आपण थय नाचलो तर तां जाणार कसा?"

चौघं अंधारात पडवीत बसली. ओवीचे प्रश्न संपेनात. त्याला घर आहे का? ते उलटं झोपतं तर डोकं दुखत नाही का? त्याला दात असतात का?

दातांवर सुजाता थबकली. "अहो, बोट दाखवा."

"काय झाला नाय माका."

तिने मोबाईलचा टॉर्च मारला. तर्जनीवर बारीक लाल ओरखडा होता. नख लागलं की दात, विनायकला सांगता येईना. शर्टाची टाचणी असेल, असंही तो म्हणाला. शर्टाला टाचणी नव्हती.

सुजाताने त्याला न्हाणीत नेलं, नळ सोडला आणि साबण हातात दिला. पंधरा मिनिटं, तिने मोबाईलवर वेळ लावली. पाच मिनिटांत त्याची कुरकुर सुरू झाली. आये बाहेरून म्हणाली, "धू गुपचूप. कुत्रो चावल्यावर काय करतंस?"

तासाभराने सुजाताने दार किलकिलं करून टॉर्च फिरवला. कपाटामागे, पडद्यांत, माळ्यावरच्या गणपतीच्या मखराखाली, सगळीकडे बघितलं. गादीवर काळ्या लेंड्या होत्या, वटवाघूळ नव्हतं.

सकाळी विनायकला दुकान उघडायचं होतं. सुजाताने त्याला सरळ रुग्णालयात नेलं. लसीच्या रांगेत कुत्रा चावलेले चौघं पुढे होते. नोंदवहीवरच्या बाईंनी वर न बघता विचारलं, "कुत्रा की मांजर?"

विनायक खालच्या आवाजात म्हणाला, "कुत्रो लिवा."

"वटवाघूळ," सुजाता म्हणाली.

अख्खी रांग वळली. एका आजोबांनी सरकून बाकावर जागा करून दिली.

डॉक्टर हसले नाहीत. साबणाने लगेच धुतलं का, हे त्यांनी आधी विचारलं. वटवाघळाचा ओरखडा बारीक असला तरी हलक्यात घेत नाहीत, म्हणाले, आणि दंडावर लस देऊन ओरखड्याच्या कडेनेही इंजेक्शन दिलं. बोटातलं इंजेक्शन कसं लागतं, ते विनायकच्या चेहऱ्यावर दिसलं. घरच्या बाकीच्यांना ते शिवलं का, याचीही चौकशी झाली. मच्छरदाणीचं ऐकून डॉक्टरांनी मान डोलावली.

"आता तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यायचं. चुकवायचं नाही."

विनायकने बोटांवर हिशोब केला. "डॉक्टर, अठ्ठाविसाव्याक आमची जत्रा आसा. रात्रभर दशावतार."

"नाटक रात्रीचं ना? तुम्ही सकाळी या."