लसूण सोलायची डब्याची युक्ती: कधी चालते, कधी फसते

(व्हिडिओ ५ मिनिटांचा. जागा: जळगावातलं आपलं स्वयंपाकघर. मी, आत्या म्हणजे सासूबाई आणि मोबाईल धरणारा भाचा. रविवारी मळ्यात भरीत पार्टी आहे, तीस माणसं.)

पहिला शॉट. ओट्यावर बामणोदची हिरवी वांगी, मिरच्या, कांद्याची पात आणि लसणाचा ढीग. आत्या नखाने सोलताहेत.

मी: नमस्कार मंडळी. भरिताची वांगी काड्यांवर पंधरा-वीस मिनिटांत भाजून होतात. वेळ खातो तो लसूण. डब्यात घालून हलवा, साल आपोआप निघते, असं तुम्ही शंभरदा पाहिलं असेल. आम्हीही पाहिलं, केलं, आणि एकदा तोंडावर पडलो. आज दोन्ही दाखवते.

आत्या (मान वर न करता): डबा नाची ऱ्हायना का?

दुसरा शॉट. इथे कट मारायचा नाही. कोपऱ्यात घड्याळ दिसलंच पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील आधीच सोलून ठेवला होता.

मी: हा जुना, कडक वाळलेला लसूण. साल बोटाखाली कुरकुरते, ऐका. (मोबाईल जवळ.) तीन गड्डे तळहाताने दाबून फोडले, पाकळ्या सुट्या केल्या. गड्डा अख्खा टाकलात तर हात दुखतील, लसूण तसाच राहील. आता घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. पाकळ्या पाव डब्यापेक्षा जास्त नकोत. त्यांना आपटायला जागा हवी, सगळा खेळ त्या आपटण्याचा आहे. झाकण हाताने दाबून धरा आणि जोरात हलवा.

(तीस सेकंद. आवाज तसाच ठेवायचा, वर संगीत नको.)

मी: उघडू या. छत्तीस पाकळ्या होत्या. एकतीस निघाल्या, पाच अडून बसल्या. त्या हातानेच. काही पाकळ्या ठेचल्यासारख्या झाल्यात, बघा. भरिताला चालतं, मिरचीबरोबर कुटायच्याच आहेत. लोणच्याला अख्ख्या पाकळ्या हव्या असतील तर हा उद्योग करू नका.

तिसरा शॉट. हाच खरा व्हिडिओ, घाईत उरकायचा नाही.

मी: आता हा नवा लसूण. फेब्रुवारी-मार्चात बाजारात येतो तो. साल ओलसर आणि पाकळीला चिकटलेली. तोच डबा, तेच तीस सेकंद.

(उघडल्यावर डबा सरळ कॅमेऱ्यासमोर. माझा चेहरा नको, लसूण दाखव.)

मी: चाळीसपैकी चार. आणखी एक मिनिट हलवला तर साल निघत नाही, पाकळ्या मात्र ठेचतात आणि डबाभर वास. गेल्या वर्षी पाहुणे दारात आणि मी डबा बडवत होते.

आत्या (पाकळी हातात घेऊन): हाऊ वला शे. याले हातच लागस.

मी: बरोबर. ओल्या लसणाला दुसरा उपाय: पाकळ्या दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, मग बुडखा सुरीने कापून साल ओढा. डब्याइतकं झटपट नाही, पण नखं वाचतात. आणि चार पाकळ्यांच्या फोडणीसाठी तर यातलं काहीच करू नका. वरवंट्याचा एक ठोका पुरे, डबा घासण्यात जास्त वेळ जाईल.

चौथा शॉट. मोबाईल स्थिर, मी सरळ कॅमेऱ्याकडे. पडद्यावर मोठी अक्षरं: *सोललेला लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवू नका.*

मी: एकदम सोलून तेलात भरून ठेवा, महिनाभर काळजी नाही, असं सांगणारे व्हिडिओ आहेत. ते ऐकू नका. तेलाखाली हवा पोचत नाही आणि लसणावर मातीतले बॉट्युलिनमचे जंतू असू शकतात. हवा नसलेल्या जागी, घरातल्या उबेत, ते विष तयार करतात. वास बदलत नाही, चव बदलत नाही, म्हणून कळत नाही. सोललेला लसूण कोरडा पुसा, डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा. भिजवलेला तर त्याच दिवशी.

(भाच्यासाठी: ही अक्षरं निदान सहा सेकंद ठेव. मागे गमतीचा आवाज लावू नकोस.)

शेवटचा शॉट. मळ्यात भरीत कुटायची लाकडी बडगी. भाजलेली वांगी, मिरची-लसूण, मुसळीचे ठोके. बाजूला कळण्याच्या भाकरी.

मी: तुमचा लसूण जुना होता की नवा, आणि किती पाकळ्या निघाल्या, तेवढं खाली लिहा. फसला असेल तर तेही लिहा.

आत्या (मुसळ थांबवून): त्या पाच पाकळ्या मी सोल्यात, ते सांगं का?

(इथेच बंद कर.)